टाकी धुतली, तरी कावीळ का आली? जमिनीखालची आणि गच्चीवरची पाण्याची टाकी कशी, कधी साफ करावी

पावसाळ्यातली गोष्ट आहे. पिंपळे गुरवमधल्या सोळा फ्लॅटच्या एका इमारतीतून आठवडाभरात तीन जण माझ्याकडे आले. तिघांचेही डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेलेली. रक्ततपासणीत हिपॅटायटिस ई, म्हणजे दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ निघाली. चौथी व्यक्ती त्याच इमारतीतली, सातवा महिना असलेली एक मुलगी. तिला काहीच त्रास नव्हता. तिने फक्त विचारले, "डॉक्टर, आमच्या बिल्डिंगमध्ये कावीळ आहे. मी पाणी कोणते पिऊ?"

तो प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. हिपॅटायटिस ई बहुतेकांना दोन-चार आठवड्यांत सोडून जातो, पण गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो यकृत निकामी करू शकतो आणि त्यात मृत्यूचे प्रमाण शंभरात वीसच्या आसपास जाते. म्हणून मी त्याच संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन केला. ते म्हणाले, "टाकी तर आपण जूनमध्येच धुवून घेतली, डॉक्टर. पावती आहे माझ्याकडे."

पावती खरी होती. पण धुतली होती ती गच्चीवरची टाकी. पार्किंगमधली जमिनीखालची टाकी कितीतरी वर्षांत कोणी उघडलीच नव्हती. नळाचे पाणी आधी त्या टाकीत पडते आणि मोटरने वर जाते. खालची टाकी घाण असेल तर वरची कितीही घासा, पहिल्यांदा मोटर सुरू झाली की वरचीही पुन्हा घाण होते.

आपल्याकडे टाकीला इतके महत्त्व का

महापालिकेचे पाणी पवना नदीतून रावेत येथे उचलले जाते, निगडीच्या केंद्रात शुद्ध होते आणि त्यात क्लोरीन मिसळून शहरात सोडले जाते. हा क्लोरीन वाटेत आणि टाकीत शिरणारे जंतू मारण्यासाठी पाण्यात थोडा शिल्लक राहावा लागतो. भारतीय मानकानुसार नळाच्या टोकाला एक लिटर पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असावा.

पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. दिवसाआड पाणी म्हणजे साठवण आली. पाणी दोन दिवस खालच्या टाकीत, मग वरच्या टाकीत, मग पाइपमध्ये थांबते आणि तेवढ्या वेळात क्लोरीन हळूहळू उडून जातो. टाकीत गाळ असेल तर तो आणखी लवकर संपतो, कारण क्लोरीन आधी गाळाशी आणि शेवाळाशी लढण्यात खर्च होतो. दुसरी अडचण अशी की पुरवठा बंद असताना जमिनीखालच्या पाइपमध्ये दाब राहत नाही. पाइपला कुठे चीर असेल तर बाहेरचे पाणी आत ओढले जाते. थेट नळाला मोटर लावली तर हे ओढणे आणखी वाढते. म्हणून पाणी आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे जे गढूळ पाणी येते ते टाकीत न घेता बाहेर सोडावे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गीयन-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण अचानक वाढले. बहुतेक रुग्ण सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागातले होते, पण पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण आढळले. काही रुग्णांच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाब करणारा जंतू सापडला. त्यानंतर अनेक सोसायट्यांनी टाक्या धुवून घेतल्या. मात्र 'धुणे' आणि 'निर्जंतुक करणे' यात फरक आहे, आणि त्यातच बहुतेक सोसायट्या चुकतात.

आधी दोष शोधा: चार ठिकाणची ओटी टेस्ट

त्या इमारतीत आम्ही टाकी धुण्याआधी एक साधी तपासणी केली. केमिस्टकडे किंवा पाणी शुद्धीकरणाचे साहित्य विकणाऱ्या दुकानात ओटी किट मिळते. छोट्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचे, किटवर लिहिले असतील तेवढे थेंब टाकायचे आणि लगेच रंग पाहायचा. क्लोरीन असेल तर पाणी पिवळे होते. पिवळेपणा जितका गडद, तितका क्लोरीन जास्त. किटसोबतच्या पट्टीवर रंग जुळवून आकडा वाचता येतो. तपासलेले पाणी पिऊ नये, ओतून द्यावे.

ही टेस्ट चार ठिकाणी करायची असते: पाणी येत असताना टाकीच्या आधीच्या थेट नळावर, जमिनीखालच्या टाकीत, गच्चीवरच्या टाकीत आणि एखाद्या घरातल्या स्वयंपाकघराच्या नळावर. पिवळा रंग जिथे नाहीसा होतो, तिथे दोष असतो.

त्या इमारतीत थेट नळाचे पाणी व्यवस्थित पिवळे झाले. खालच्या टाकीत अजिबात रंग आला नाही, आणि वरच्या टाकीत व घरातही नाही. म्हणजे पाणी इमारतीच्या दारापर्यंत चांगले येत होते आणि बिघाड खालच्या टाकीतच होता. थेट नळालाच रंग आला नसता, तर टाकी धुऊन उपयोग नव्हता. तेव्हा महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे तक्रार करून नमुना तपासायला सांगावे लागते.

टाकीत बाहेरचे पाणी शिरते का, ते रात्रीत कळते

दुसरी तपासणी पातळीची. रात्री अकरा वाजता टाकीत येणारा व्हॉल्व्ह घट्ट बंद केला, मोटर बंद ठेवली आणि पाण्याच्या पातळीवर खूण केली. पहाटे पाच वाजता पाहिले. घट्ट टाकीत पातळी जशीच्या तशी राहायला हवी. पातळी उतरली तर टाकीला गळती आहे. जिथून पाणी बाहेर जाते, तिथून ते आतही येऊ शकते. पावसाळ्यात आजूबाजूच्या जमिनीत पाणी भरलेले असते तेव्हा हे हमखास घडते.

आमच्या टाकीची पातळी चढली होती, दोन सेंटिमीटरने. टाकीचा तळ चार मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद. म्हणजे एका रात्रीत सुमारे २०० लिटर पाणी आत आले होते. व्हॉल्व्ह गळत असता तर आत येणारे पाणी क्लोरीनचे असते. पण टाकीत क्लोरीन नव्हता, म्हणून संशय जमिनीतल्या पाण्यावर गेला.

टाकी रिकामी केल्यावर कारण दिसले. पाच फुटांवर ड्रेनेजचे चेंबर होते आणि ते तुंबले होते. टाकीच्या भिंतीत पाइप जिथून आत येतो, तिथे सिमेंट सुटून फट पडली होती. भिंतीवर त्या फटीपासून खाली काळपट ओघळ होता आणि तळाशी चार बोटे गाळ. टाकीचे झाकण पार्किंगच्या फरशीच्या पातळीत होते, त्यामुळे गाड्या धुतलेले पाणीही त्यातून आत जात होते.

तुमच्या टाकीत पाहायच्या जागा याच आहेत: झाकण आणि त्याची कड, पाइप आत येण्याची जागा, स्लॅबची आतली बाजू आणि जवळचे ड्रेनेज चेंबर. आधी हे दुरुस्त होऊ द्या. भगदाड तसेच ठेवून टाकी धुतली तर पुढच्या पावसात पुन्हा तेच होते.

साफसफाईचा क्रम: खालची आधी, वरची नंतर

दिवस असा निवडा की रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पाणी येणार आहे. आदल्या दिवशी प्रत्येक घराने पिण्याचे आणि स्वयंपाकाचे दोन दिवसांचे पाणी उकळून झाकून ठेवावे.

पहिले काम, खालची टाकी उपसणे. इथे एक नेहमीची चूक होते. पाणी वाया जाऊ नये म्हणून शेवटपर्यंत नेहमीच्याच मोटरने ते वर चढवतात आणि तळातला गाळ थेट गच्चीवर जातो. शेवटचे दीड-दोन फूट पाणी वेगळ्या पंपाने उपसून बाहेर सोडा. जेवढे स्वच्छ दिसते तेवढे पार्किंग धुवायला वापरा.

दुसरे काम, घासणे. कडक ब्रशने किंवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तळ, भिंती, स्लॅबची खालची बाजू, शिडी आणि पाइप घासायचे. साबण किंवा डिटर्जंट वापरू नये, त्याचा थर राहतो. ॲसिड किंवा बाथरूम क्लीनर तर अजिबात नको. ते ब्लीचिंग पावडरशी मिसळले तर विषारी वायू तयार होतो आणि बंद टाकीत तो जीव घेऊ शकतो. पाण्याच्या रेषेच्या वरची भिंतही घासा, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी तिथे चिकटतात आणि कोरड्या अवस्थेत कित्येक महिने जिवंत राहतात. घासून निघालेला गाळ व पाणी उपसून टाका.

तिसरे काम, निर्जंतुक करणे. बाजारात जिला टीसीएल म्हणतात ती ब्लीचिंग पावडर ताजी असेल तर तिच्यात ३३ टक्क्यांपर्यंत क्लोरीन असतो, पण पोते उघडे राहिले की तो कमी होत जातो. म्हणून हिशेब २५ टक्के धरून करावा. दहा लिटरच्या बादलीत दोन सपाट चमचे, म्हणजे साधारण आठ ग्रॅम पावडर घालून ढवळा. चुना खाली बसू द्या आणि वरचे निवळ पाणी घ्या. या पाण्यात लिटरमागे सुमारे २०० मिलिग्रॅम क्लोरीन असतो. ते फवारणी पंपाने किंवा लांब दांड्याच्या ब्रशने भिंती, तळ आणि स्लॅबची खालची बाजू ओली होईपर्यंत लावा आणि अर्धा तास तसेच राहू द्या. मग स्वच्छ पाण्याने धुऊन ते पाणीही उपसा. नेहमीच्या धुण्यात हीच पायरी गाळली जाते. डोळ्यांना भिंत लख्ख दिसते, पण जंतू मरायला क्लोरीन आणि तो अर्धा तास, दोन्ही लागतात.

यानंतर गच्चीवरच्या टाक्या त्याच पद्धतीने घासून निर्जंतुक करा. झाकण घट्ट बसते का, ओव्हरफ्लोच्या आणि हवेच्या पाइपला बारीक जाळी आहे का, हे तेव्हाच पाहून घ्या. कबुतरांची विष्ठा आणि डास इथूनच आत जातात.

पाइप विसरू नका

दोन्ही टाक्या स्वच्छ झाल्या तरी वरून घरापर्यंत येणाऱ्या पाइपमध्ये जुनेच पाणी असते. इमारतीत आजार पसरलेला असेल, टाकीत ड्रेनेजचे पाणी गेले असेल किंवा पुराचे पाणी शिरले असेल, तर पाइपही निर्जंतुक करावे लागतात. फक्त नेहमीची सहामाही सफाई असेल तर पाइपमधले पाणी सोडून देणे पुरते.

पाइपसाठी वरच्या टाकीत दर १००० लिटर पाण्याला २०० ग्रॅम पावडर, म्हणजे लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन. पावडर आधी बादलीत कालवून, चुना बसल्यावर फक्त निवळ टाकीत ओता. मग प्रत्येक घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा उग्र वास येईपर्यंत उघडा आणि बंद करा. हे पाणी रात्रभर, किमान बारा तास पाइपमध्ये राहू द्या. त्याआधी वॉटर प्युरिफायर, वॉशिंग मशीन आणि सोलर हीटरची लाइन बंद करा. इतक्या क्लोरीनने प्युरिफायरचा आरओ पडदा खराब होतो. सगळ्या नळांवर चिठ्ठी लावा: 'हे पाणी पिऊ नये, आंघोळीला घेऊ नये'. लहान मुले आणि पाहुणे यांना तोंडी सूचना पुरत नाहीत. दुसऱ्या दिवशी ते पाणी संडासात आणि ड्रेनेजमध्ये सोडून द्या, झाडांना घालू नका.

टाकीत माणूस उतरवण्याआधी

मार्च २०२५ मध्ये मुंबईच्या नागपाडा भागात पाण्याच्या टाकीत सफाईसाठी उतरलेले चार कामगार गुदमरून मरण पावले. वरून टाकी निव्वळ कोरडी दिसते, पण बराच काळ बंद असलेल्या टाकीत प्राणवायू कमी असू शकतो आणि गाळातून विषारी वायू निघालेला असतो. त्याला वास येईलच असे नाही.

म्हणून झाकणे आदल्या दिवसापासून उघडी ठेवा, मात्र भोवती अडथळा उभा करून. आत हवा जाईल असा पंखा किंवा ब्लोअर किमान तासभर आधीपासून लावा आणि काम संपेपर्यंत चालू ठेवा. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवा आणि दोर धरणारा माणूस वर सतत हवा. सफाई कंपनीकडे वायू मोजण्याचे यंत्र आहे का, ते आधी विचारा. नसेल तर खोल टाकीत माणूस उतरवू नका. आत कोणी कोसळला तर त्याच्यामागे उडी मारू नका, दोराने ओढा आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. एकाला वाचवायला उतरलेला दुसराच अनेकदा जीव गमावतो. क्लोरीनचे पाणी लावताना टाकीत थांबू नये. जमेल तेवढे झाकणातूनच फवारावे, हातमोजे आणि चष्मा घालून.

नवे पाणी स्वयंपाकाला कधी वापरावे

टाकी भरल्यावर लगेच कुकर लावायचा नाही. आधी घरातले सगळे नळ दोन-तीन मिनिटे सोडा. हे पाणी बादलीत धरून फरशीला किंवा संडासाला वापरा. नळाच्या तोंडाची जाळी काढून धुवा, तिथे गाळाचे कण अडकतात. प्युरिफायरचे पहिले फिल्टर बदला किंवा स्वच्छ करा आणि मगच लाइन चालू करा.

मग स्वयंपाकघरातल्या नळावर ओटी टेस्ट करा. ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम आले तर पाणी वापरायला हरकत नाही. १ मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे गडद पिवळे किंवा नारिंगी आले, तर आणखी पाणी सोडून द्या. रंगच आला नाही, तर दर १००० लिटरला चार ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा पावडर कालवून तिची निवळ टाका आणि अर्ध्या तासाने पुन्हा तपासा. २०,००० लिटरच्या टाकीला हे प्रमाण ८० ग्रॅम होते. दर वेळी टाकूनही काही तासांत क्लोरीन शून्यावर येत असेल, तर टाकीत अजून घाण आहे किंवा बाहेरचे पाणी शिरते आहे.

आजाराच्या साथीनंतर साफसफाई केली असेल तर क्लोरीन नीट आला तरी आणखी आठवडाभर पिण्याचे पाणी उकळूनच घ्या. चार-पाच दिवसांनी जंतूंसाठी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या. बाटली प्रयोगशाळेचीच घ्या, घरातली शिशी चालत नाही.

उकळणे म्हणजे किती, हे मला रोज विचारले जाते. पाण्याला खळखळून उकळी आली की त्यानंतर एक मिनिट पुरते. वीस मिनिटे गॅस जाळायची गरज नाही. थंड होईपर्यंत त्याच भांड्यात झाकून ठेवा. अनेक घरांत उकळलेले पाणी न धुतलेल्या माठात ओततात किंवा लवकर थंड व्हावे म्हणून त्यात साधे पाणी मिसळतात, मग उकळल्याचा काहीच उपयोग राहत नाही. पाणी काढायला दांड्याचे ओगराळे वापरा, हात आणि पेला आत बुडवू नका. तुरटी फिरवल्याने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. कापडाने गाळल्यानेही नाही.

स्वयंपाकाच्या पाण्याबद्दल एक गैरसमज आहे. "डॉक्टर, पिण्याचे पाणी आम्ही उकळतो, पण स्वयंपाकाला नळाचेच. शिजतेच ना?" भात, वरण, भाजी, पोळी यांतले पाणी शिजते, ते खरे आहे. पण त्याच स्वयंपाकघरात कोथिंबीर धुऊन वरून भुरभुरतात, काकडी चिरून कोशिंबीर होते, खोबऱ्याची चटणी वाटताना पाणी घालतात, दह्याचे ताक करतात, लिंबाचे सरबत आणि बर्फ होतो, बाळाची वाटी-चमचा विसळतात. हे पाणी कधीच शिजत नाही. टाकीबद्दल शंका असेल तोवर या सगळ्यासाठी उकळलेले गार पाणीच वापरा, दात घासण्यासाठीसुद्धा. त्या इमारतीतल्या एका घरात पिण्याचे पाणी पहिल्यापासून उकळत होते, तरी कावीळ झाली. रोजच्या जेवणात ताक आणि कच्ची चटणी होती. संसर्ग नेमका त्यातूनच झाला हे सिद्ध करता येणार नाही, पण ती वाट उघडी होती हे नक्की.

किती दिवसांनी साफ करावी

आपल्याकडे वर्षातून दोनदा, दोन्ही टाक्या एकाच फेरीत: एकदा मे महिन्यात, पावसाच्या आधी, आणि एकदा पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये. मे महिन्यातली सफाई भेगा शोधण्यासाठी महत्त्वाची, कारण तेव्हा दुरुस्ती वाळायला वेळ मिळतो. टँकरचे किंवा बोअरचे पाणी मिसळत असाल तर गाळ जास्त साचतो, तेव्हा दर तीन महिन्यांनी झाकण उघडून टॉर्चने तळ पाहा. तळ दिसत नसेल तर तारखेची वाट पाहू नका.

काही प्रसंगी मात्र ताबडतोब साफ करावी लागते. पवना भरून वाहते तेव्हा नदीकाठच्या सखल भागात पार्किंगमध्ये पाणी येते. झाकणावरून एकदा जरी पाणी गेले, तरी टाकीतले सगळे पाणी टाकून द्या. जवळ ड्रेनेज तुंबले, पाण्याला वास आला, टाकीत मेलेला पक्षी किंवा उंदीर सापडला, किंवा एका आठवड्यात इमारतीतल्या दोन-तीन घरांत जुलाब-कावीळ दिसली, तरीही तेच करा. ओटी टेस्ट मात्र दर आठवड्याला करावी. तिला पाच मिनिटे लागतात आणि वॉचमनलाही शिकवता येते. टाकीजवळ एक वही ठेवा, तारीख आणि आकडा लिहा.

टाकी साफ झाल्यावरही लक्ष ठेवा

त्या इमारतीत फट बुजवली, चेंबर साफ करून आतून प्लास्टर केले, टाकीचे झाकण फरशीपासून वर उचलून बसवले. दुरुस्ती वाळेपर्यंत तीन दिवस रहिवाशांनी पिण्या-स्वयंपाकाला टाकीच्या आधीच्या थेट नळाचे पाणी भरून उकळून वापरले, आणि वापरायला टँकरचे पाणी गच्चीवरच्या टाक्यांत घेतले. त्यानंतर वर सांगितल्याप्रमाणे टाक्या आणि पाइप निर्जंतुक केले. नव्या पाण्याला चारही ठिकाणी पिवळा रंग आला.

तरीही तीन आठवड्यांनी आणखी दोघांना कावीळ झाली. सेक्रेटरी घाबरून आले, "आता काय चुकले?" काही चुकले नव्हते. हिपॅटायटिस ई शरीरात शिरल्यापासून दिसायला दोन ते आठ आठवडे लागतात. ते दोघे जुन्या पाण्याचेच रुग्ण होते. म्हणून टाकी साफ झाल्यावर दोन महिने डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, भूक जाणे, मळमळ यांवर लक्ष ठेवावे, आणि कावीळ झालेल्याने शौचानंतर साबणाने हात धुण्यात हयगय करू नये.

घरी थांबू नये अशी लक्षणे सांगतो. जुलाबात रक्त पडणे, लघवी खूप कमी होणे, बाळ सुस्त पडणे किंवा दूध न पिणे, कावीळ झालेल्याला गुंगी किंवा बडबड येणे, आणि जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांत पायांत मुंग्या येऊन जिना चढता न येणे. शेवटचे लक्षण जीबीएसचे असू शकते, त्यात तासांनाही किंमत आहे. गरोदर स्त्रीला कावीळ झाली तर वाट न पाहता थेट रुग्णालय. जुलाब सुरू होताच एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसचे एक पूर्ण पाकीट विरघळवून घोट-घोट द्या. अर्धे पाकीट पेल्यात टाकून अंदाजाने देऊ नका.

ती सातव्या महिन्यातली मुलगी दोन महिने उकळलेलेच पाणी प्यायली, ताक आणि कोशिंबीरही त्याच पाण्यातली. दर पंधरा दिवसांनी तिची यकृताची तपासणी केली, ती प्रत्येक वेळी चांगली आली. बाळंतपण वेळेवर आणि सुखरूप झाले. सोसायटीची वही अजून चालू आहे. मागच्या महिन्यात एका सोमवारी तिच्यात आकडा शून्य दिसला, म्हणून वॉचमनने झाकण उघडून पाहिले. ओव्हरफ्लोची जाळी तुटून आत पाने पडली होती. त्याच दिवशी टाकी साफ झाली, आणि त्या इमारतीतून माझ्याकडे कोणी आजारी आले नाही.